मथळा आणि मजकूर : एका स्मरणिकेची अक्षरजुळणी

अंबाजोगाईत मी अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं हे रोजचं; पण वर्षातून एकदोनदा स्मरणिका येते आणि तेव्हा खऱ्या अर्थानं पानं लावायला मिळतात. इथं लिहिते आहे ते अशाच एका स्मरणिकेबद्दल. एका जुन्या वाचनालयाची ती होती. डेमी एकअष्टमांश आकार, मॅपलिथो कागद, आत काळ्या शाईची एकरंगी छपाई. लेख, आठवणी, कार्यकारिणीचे अहवाल आणि शेवटी जाहिराती. संपादन एक निवृत्त सर करत होते. त्यांची मागणी दोन वाक्यांची होती : "वाचताना जुन्या चांगल्या पुस्तकासारखं वाटलं पाहिजे. पण मथळे लांबून दिसले पाहिजेत."

या दोन वाक्यांत दोन फॉन्ट दडलेले होते. एक मजकुराचा, जो तासभर वाचला तरी डोळ्यांना जड होणार नाही. दुसरा मथळ्याचा, जो क्षणभरच पाहिला जातो, पण पान उलटताना नजर थांबवतो. या दोघांची जोडी कशी लावली, काय नाकारलं आणि का, हे सविस्तर सांगण्याचं कारण असं की आपल्याकडे फॉन्टची जोडी बहुतेकदा यादीतून लावली जाते. फॉन्टची यादी उघडायची, आवडेल तो मथळ्याला लावायचा, मजकुराला नेहमीचा. देवनागरीत ही पद्धत चालत नाही, कारण आपल्या लिपीत शिरोरेषा आहे आणि ती दोन फॉन्टमधली प्रत्येक विसंगती उघडी पाडते.

सुरुवात मी मजकुरापासून केली. मथळे पाच-पन्नास असतात, मजकुराची अक्षरं लाखांत असतात. म्हणून घरातला थोरला मजकूरच. तीन फॉन्ट समोर ठेवले : मार्टेल, मुक्त आणि टिरो देवनागरी मराठी. तिन्ही मोफत मिळतात, तिन्ही युनिकोड आहेत. एकाच लेखाचं एक पान तिन्हींत लावलं आणि ज्या कागदावर स्मरणिका छापायची होती त्याच कागदावर प्रिंट काढल्या. पडद्यावर पाहून मजकुराचा फॉन्ट ठरवायचा नाही, हे मी कटाक्षानं पाळते. पडदा उजेड देतो, कागद उजेड परत पाठवतो. बारीक रेघ दोन्हीकडे वेगळी दिसते.

सरांनी तिन्ही पानं चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली आणि टिरोच्या पानावर बोट ठेवलं. कारण मला दिसत होतं. टिरोच्या अक्षरात बोरूचं वळण आहे. काना भरीव, गोलाईच्या एका अंगाला जाडी, दुसऱ्या अंगाला रेघ बारीक होत जाते. हा फॉन्ट फियोना रॉस आणि जॉन हडसन यांच्या कामातून आलेला आहे आणि त्याचं मूळ मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या पुस्तकांसाठी केलेल्या देवनागरी अक्षरांत आहे. म्हणजे तो मुळातच पुस्तकाच्या पानासाठी घडलेला आहे. शिवाय त्याची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श त्यात आपोआप येतो, कुठलंही बटण न दाबता. आकार ११.५ पॉइंट आणि दोन ओळींमधलं अंतर १७ पॉइंट, असं मजकुराचं ठरलं.

पण टिरोला एक मोठी मर्यादा आहे. त्यात साधा आणि तिरपा एवढंच आहे, ठळक नाहीच. स्मरणिकेत मात्र ठळक पदोपदी लागतं : उपमथळे, लेखकाचं नाव, मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्याचं नाव, अहवालातली वर्षं. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी अक्षराला पाव पॉइंटाची काळी कड लावून ते ठळक केलं जातं, किंवा सॉफ्टवेअर स्वतःच नकली ठळक बनवून देतं. त्यानं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कड अक्षराच्या बाहेरही वाढते आणि आतही. बाहेर वाढली तर चालतं, पण आत वाढली की पोकळ्या भरायला लागतात. 'धारूर'मधल्या ध ची वरची गाठ आधी लहान होते, छपाईत शाई पसरली की बंद होते आणि ध आणि घ यांच्यात ओळखायला फारसं काही उरत नाही. भ आणि म यांचंही तेच. शिवाय जाड-बारीक हा जो फॉन्टचा जीव, तोही जातो. बारीक रेघेला आणि जाड रेघेला सारखीच कड लागते, म्हणून बारीक रेघ प्रमाणाबाहेर जाड होते आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. म्हणून मी ठरवलं की स्मरणिकेत जिथं जिथं ठळक हवं, तिथं तिथं मथळ्याचा फॉन्टच वापरायचा. याचा अर्थ मथळ्याच्या फॉन्टला दुहेरी नोकरी लागली : मोठा होऊन पानाच्या डोक्यावर उभं राहणं आणि लहान होऊन मजकुराच्या ओळीत बसणं. पुढची सगळी निवड या दुहेरी नोकरीवर ठरली.

आता मथळा. पहिला प्रयोग एक्झारचा केला. वैभव सिंह यांचा हा फॉन्ट मला स्वतःला फार आवडतो. साध्यापासून एकदम ठळकपर्यंत पाच जाड्या त्यात आहेत, अक्षराला ठसका आहे. पण टिरोच्या मजकुरावर एक्झारचा मथळा ठेवला आणि पान बिघडलं. दोन्हींत जाड-बारीक फरक आहे, दोन्हींत टोकं कापलेली आहेत, दोन्ही बोरूच्या कुळातले. पण एकाची गोलाई मऊ, दुसऱ्याची कोनदार. लांबून ते एकच वाटतात, जवळून वेगळे. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. मथळा चुकून दुसऱ्या फाइलमधून आल्यासारखा दिसतो. माझ्या अनुभवात जोडी बिघडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. फार वेगळे फॉन्ट एकत्र आले तर निदान हेतू दिसतो. थोडेसे वेगळे एकत्र आले तर हलगर्जी दिसते.

दुसरा प्रयोग रोझा वनचा. हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट, जाड भाग अतिशय जाड आणि बारीक रेघ केसासारखी. 'दासोपंतांची पासोडी' हा लेखाचा मथळा ३६ पॉइंटला लावला तेव्हा तो इतका देखणा दिसला की सरांनी लगेच पसंती दिली. अंबाजोगाईत जपलेली ती सुमारे ४० फूट लांबीची कापडी पासोडी आणि तिच्यावर लिहिलेलं पंचीकरण, अशा विषयाला तो थाट शोभतही होता. पण रोझा वनमध्ये जाडी एकच आहे. उपमथळ्यासाठी १३ पॉइंटला आणला की केसासारखी रेघ मॅपलिथोवर तुटते, ठिपक्याठिपक्यांनी दिसते, आणि जाड भाग मात्र शाईनं फुगतो. लेझर प्रिंटवर ती रेघ दिसली तरी ऑफसेटवर टिकेल याचा भरवसा नसतो. दुहेरी नोकरीतली दुसरी अर्धी त्याला जमणारी नव्हती. मुखपृष्ठावर एकट्यानं वापरायचा असता तर मी तोच घेतला असता.

मोदकही लावून पाहिला. त्याच्या गुबगुबीत अक्षरांत पोकळ्या जवळजवळ नाहीतच. बालविभागाच्या एका पानाला तो छान दिसला असता, पण याच स्मरणिकेत श्रद्धांजलीचं पानही होतं. मथळ्याचा स्वभाव सगळ्या पानांना पेलला पाहिजे, म्हणून तो पटकन बाजूला झाला.

मग मुक्त. मुंबईच्या एक टाइप या गटाचा हा फॉन्ट आपल्याला सगळीकडे भेटतो आणि म्हणूनच आधी मी त्याच्याकडे मथळ्यासाठी पाहिलंच नव्हतं. पण टिरोच्या शेजारी ठेवल्यावर त्याचे गुण दिसले. मुक्तच्या रेघेची जाडी जवळजवळ सगळीकडे सारखी असते, टोकं साधी असतात. म्हणजे टिरोशी त्याचा विरोध एका ठिकाणी स्वच्छ आहे : तिथं जाड-बारीक, इथं एकसारखं. या विरोधाबद्दल कुणाला शंका येणार नाही. आणि त्याला एकदम बारीकपासून एकदम ठळकपर्यंत सात जाड्या आहेत, म्हणजे टिरोकडे जे नाही ते सगळं याच्याकडे आहे.

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. ऑफसेट येण्याआधी ते खिळे जुळवायचे. त्यांना दोन्ही नमुने दाखवले तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट मला कामाची वाटली. छापखान्यात खिळ्यांच्या केस मोजक्या असत. मजकुराला पायका, मथळ्याला त्याचाच मोठा किंवा काळा टाइप. बऱ्याचदा दोन्ही एकाच फाउंड्रीतून आलेले, म्हणून अक्षराची ठेवण आपोआप जुळायची. निवड करायला वावच नव्हता. "तुमच्याकडं हजार फॉन्ट आहेत ताई, त्यामुळं जुळवायचं काम आता तुमच्या गळ्यात पडलंय," असं ते म्हणाले. ते खरं आहे. जुन्या पानांत जी एकजीवता दिसते तिच्यामागं फाउंड्रीनं आधीच सांभाळलेली प्रमाणं होती. आज ती प्रमाणं आपल्याला पट्टी घेऊन मोजावी लागतात.

ती मी कशी मोजते ते सांगते. मजकुराचा आणि मथळ्याचा फॉन्ट शेजारी शेजारी १०० पॉइंटला लावायचे, तेही एकच अक्षर, म. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या पायापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची. पॉइंटचा आकडा सारखा असला तरी ही उंची सारखी येत नाही, कारण पॉइंट हे अक्षराचं माप नाही. वेलांट्या, रफार, उकार धरून फॉन्टकारानं अक्षराभोवती जी जागा कल्पिलेली असते, तिचं ते माप आहे. एखादा फॉन्टकार मात्रांना जास्त जागा ठेवतो, त्याचं मूळ अक्षर लहान होतं. समजा एकाचा म २१ मिलिमीटर आला आणि दुसऱ्याचा १८. एकवीसला अठरानं भागलं की १.१७ येतात. म्हणजे पहिल्याच्या १२ पॉइंटसारखं दिसायला दुसऱ्याला १४ पॉइंट करावं लागेल. हा आकडा एकदा काढून वहीत लिहून ठेवला की अंदाजानं आकार वाढवत बसावं लागत नाही.

पानाच्या डोक्यावरच्या मोठ्या मथळ्याला हे गणित तितकंसं लागत नाही, तो वेगळाच उभा असतो. पण मजकुराच्या ओळीत जेव्हा ठळक शब्द येतो तेव्हा ते जीवनमरणाचं होतं. इंग्रजीत एका ओळीत दोन फॉन्ट आले आणि लहान अक्षरांची उंची किंचित वेगळी असली तरी डोळा सोडून देतो, कारण अक्षरं सुटी असतात. आपल्याकडे ओळीच्या माथ्यावर जवळजवळ अखंड रेघ धावत असते. मुलाखतीच्या पानावर प्रश्नकर्त्याचं नाव मुक्तमध्ये आणि पुढचा प्रश्न टिरोमध्ये, दोन्ही ११.५ पॉइंटला, असं लावलं तेव्हा नावाच्या शेवटी शिरोरेषेला पायरी पडलेली दिसली. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होती, पण प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला तीच पायरी आल्यामुळं सबंध पान हलल्यासारखं वाटत होतं. मी पडद्यावर पान आठपट मोठं केलं, दोन्ही शब्दांच्या शिरोरेषेच्या वरच्या कडेला एक मार्गरेषा लावली आणि मुक्तचा आकार एक दशांश पॉइंटानं हलवत दोन्ही कडा त्या रेषेवर आणल्या. जो आकडा निघाला तो अक्षरशैलीत कायमचा भरून टाकला, म्हणजे पुढं दरवेळी हातानं करावं लागलं नाही.

उंचीनंतर रुंदी. इथं नुसतं म पाहून भागत नाही. मी चाचणीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं वापरते : बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी, अंबाजोगाई. अकरा नावांत ष्ट आहे, ळ आहे, ल आणि श आहेत, रू आहे, वेलांट्या आहेत, रुंद अं आहे. घ हवा म्हणून शेवटी बालाघाट जोडते. ही ओळ दोन्ही फॉन्टांत, उंची सारखी करून, एकाखाली एक ठेवायची. कुठल्या नावाशी ओळी एकमेकींपासून सुटत जातात ते पाहायचं. टिरो आणि मुक्त दोघंही ऐसपैस आहेत, ग आणि त्याचा काना यांच्यात श्वास घ्यायला जागा आहे, व आणि ब ची पोटं मोकळी आहेत. म्हणून रेघेची जात वेगळी असूनही त्यांचा चालण्याचा वेग एक आहे. मजकूर ऐसपैस आणि मथळा आवळलेला, अशी जोडी मुद्दाम लावता येते. वर्तमानपत्रांत ती असतेच. पण मग ती इतकी ठळकपणे वेगळी हवी की कुणाला प्रश्न पडू नये.

याच ओळीत आणखी एक गोष्ट सापडली आणि ती नसती सापडली तर स्मरणिका छापून झाल्यावर सरांनीच दाखवली असती. 'माजलगाव'चा ल मजकुरात पाकळीचा होता आणि मथळ्याच्या ओळीत हिंदी वळणाचा. 'शिरूर'च्या श चंही तसंच. राज्य शासनानं २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपं ठरवून दिलेली आहेत आणि वाचनालयाच्या स्मरणिकेत ती पाळायलाच हवीत. पण नियम बाजूला ठेवला तरी एका पानावर वर एक ल आणि खाली दुसरा, हे जोडीच्या दृष्टीनंच चुकीचं आहे. दोन फॉन्टांनी रेघेत भांडावं, अक्षराच्या सांगाड्यात नाही. सांगाडा एक असेल तरच ती एका भाषेची दोन अक्षरं वाटतात. बऱ्याच नव्या युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपं आत असतात आणि मजकुराची भाषा कोणती नोंदवली आहे त्यावर कुठलं दिसायचं ते ठरतं. मथळ्याच्या प्रत्येक शैलीत भाषा 'मराठी' नोंदवली आणि ल वळला. ज्या फॉन्टात मराठी रूप मुळातच नाही, तो मराठी मजकुराबरोबर मी जोडत नाही, कितीही सुंदर असला तरी.

आता जाडी. सात जाड्या हाताशी असल्या की सगळ्या वापराव्याशा वाटतात. इथं एक साधं गणित धरून चालावं. अक्षर मोठं केलं की रेघही त्याच प्रमाणात जाड होते. मजकूर ११.५ पॉइंट आणि मथळा २६, म्हणजे मुक्तच्या साध्या जाडीतच २६ ला नेलं तर त्याची रेघ ११.५ च्या मुक्तपेक्षा सव्वादोनपट जाड होणार. मोठ्या आकारानं निम्मं काम आधीच केलेलं असतं. म्हणून मोठ्या मथळ्याला सगळ्यात जाड वजन लावायची गरज नसते. मी सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड तिन्ही २६ पॉइंटला छापून भिंतीवर लावले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहिले. एक्स्ट्राबोल्डमध्ये 'श्रद्धांजली'तला द्ध काळा गोळा होत होता आणि खालचा टिरोचा मजकूर त्याच्यासमोर फिकट, छपाईत शाई कमी पडल्यासारखा वाटत होता. सेमीबोल्डमध्ये मथळा लांबून वाचता येत होता आणि मजकुराचा काळेपणाही शाबूत राहत होता.

उपमथळ्याचं उलटं आहे. तो १३ पॉइंटचा, मजकुराहून जेमतेम दीड पॉइंट मोठा. आकार इथं काही मदत करत नाही, सगळा भार जाडीवर येतो. सेमीबोल्ड लावला तर उपमथळा मजकुरात विरघळतो. बोल्ड लावल्यावर तो उठला. म्हणजे मोठा मथळा सेमीबोल्ड आणि लहान मथळा बोल्ड, असं वरवर उलटं वाटणारं माप बरोबर ठरलं. मुलाखतीतली नावंही बोल्ड. लेखकाच्या नावाला मीडियम पुरलं, कारण ते एकट्या ओळीत, भोवती मोकळी जागा घेऊन उभं होतं. छायाचित्राखालच्या ओळी ९ पॉइंटला साध्या जाडीत. एकूण चार जाड्या. शेजारशेजारच्या दोन जाड्या एकाच आकारात समोरासमोर आणायच्या नाहीत, एवढं पथ्य पाळलं. साधा आणि मीडियम एका ओळीत आले तर ऑफसेटच्या शाईत त्यांच्यातला फरक कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि पानागणिक बदलतो.

मथळ्याच्या ओळींमधल्या अंतराबद्दल इंग्रजी पुस्तकं पाहून काम करणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. तिथं मोठा मथळा दोन ओळींत आला की ओळी जवळ आणतात. आपल्याकडे वरच्या ओळीच्या उकाराखाली खालच्या ओळीची वेलांटी, रफार, अनुस्वार यायचे असतात. वर दीर्घ उकार आणि बरोबर त्याखाली 'परळी'ची वेलांटी आली की उकाराचा पाय वेलांटीत अडकतो. २६ पॉइंटच्या मथळ्याला मी ३४ पॉइंट अंतर ठेवलं. ते साधारण १.३ पट होतं, शिवाय मजकुराच्या १७ पॉइंटच्या बरोबर दुप्पट. त्यामुळं मथळा एका ओळीचा असो की दोन, त्याखालचा मजकूर समोरच्या पानावरच्या मजकुराशी ओळीला ओळ जुळवून उभा राहिला. उपमथळ्याला एक ओळ त्याची आणि एक ओळ वर मोकळी, म्हणजे तिथंही सतराचाच पाढा.

राहिले लांब मथळे. 'स्वातंत्र्योत्तर मराठवाड्यातील ग्रंथालय चळवळ' हे डेमीच्या पानावर २६ पॉइंटला एका ओळीत मावत नाही. अशा वेळी अक्षराची रुंदी ८० टक्के करून टाकणं हा आपल्या धंद्यातला जुना उपाय आहे. तो मी टाळते, कारण अक्षर आडवं आवळलं की कान्याची जाडी वीस टक्क्यांनी कमी होते, पण शिरोरेषेची जाडी तेवढीच राहते. सगळं अक्षर डोईजड दिसतं, आणि एकसारख्या रेघेचा जो विरोध आपण मुद्दाम निवडला तोच मोडतो. मी मथळा 'स्वातंत्र्योत्तर मराठवाड्यातील' इथं तोडून दोन ओळी केल्या. वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमात ही सोय नसते. तिथं मी एक टाइपचाच अनेक देवनागरी घेते. त्यात जाडीबरोबर रुंदीही बदलता येते, ७५ पासून १२५ पर्यंत, आणि अरुंद रूपातही कान्याची आणि शिरोरेषेची जाडी फॉन्टकारानं तोलून दिलेली असते.

सगळं ठरल्यावर दोन चाचण्या केल्या. पहिली, समोरासमोरची दोन पानं उलटी धरून पाहायची. उलटं धरलं की वाचता येत नाही, फक्त काळ्या-करड्याचे ठोकळे दिसतात. मजकूर एकसारखा करडा, त्यात उपमथळे स्पष्ट काळे, मथळा त्याहून मोठा पण मजकुराला न झाकणारा, असं दिसलं तर जाड्या बरोबर. एखादा शब्द मजकुरातच डाग होऊन दिसत असेल तर ओळीतलं ठळक जास्त झालंय. दुसरी चाचणी प्रेसमध्ये. मालक काकांना विनंती करून आठ पानांचा एक फर्मा आधी थोडा छापून घेतला. लेझर प्रिंटवर टिरो जितका नाजूक दिसत होता त्याहून छपाईत तो किंचित भरला, कारण मॅपलिथो शाई पितो. मुक्तची एकसारखी रेघही भरली, पण तिच्यात भरायला वाव होता. मुलाखतीतल्या ११.५ च्या आसपासच्या बोल्ड नावांत मात्र ष्ट आणि क्ष घट्ट व्हायला लागले होते, म्हणून तिथं बोल्डऐवजी सेमीबोल्ड केलं. फॉन्टच वेगळा असल्यानं ओळीत ते तेवढ्यानंही उठून दिसत होतं. उपमथळे बोल्डच राहिले.

हीच जोडी प्रत्येक कामाला लागू पडेल असं नाही. हँडबिलाला दोन फॉन्ट लागतच नाहीत, तिथं एकट्या मुक्तच्या दोन जाड्या पुरतात. न्यूजप्रिंटवर टिरोसारखा जाड-बारीक फॉन्ट लहान आकारात मी लावणार नाही. पण पद्धत तीच राहते, आणि क्रमही तोच. आधी मजकूर निवडायचा, मग त्याच्यात काय कमी आहे ते पाहायचं. ते ज्याच्याकडे आहे असा, रेघेनं स्वच्छ वेगळा फॉन्ट मथळ्याला घ्यायचा. मग उंची, रुंदी आणि ल-श जुळवायचे आणि आकार बघून जाडी ठरवायची. स्मरणिका निघाल्यावर पुढच्या आठवड्यात एका पतसंस्थेचे सचिव तीच प्रत घेऊन आले आणि "अगदी अशीच पानं लावा" म्हणाले. त्यांचा अहवाल आकड्यांनी आणि तक्त्यांनी भरलेला होता. त्यांना मी मजकुरालाही मुक्त लावून दिला, कारण तक्त्याच्या अरुंद खणांत टिरोच्या बारीक रेघा टिकल्या नसत्या. मथळ्याला एक्झारची ठळक जाडी घेतली. वाचनालयाच्या कामात जो फॉन्ट मी परत ठेवला होता, तो इथं विरोधाच्या बाजूला उभा राहिला आणि चपखल बसला.